घोरण्यावर उपाय: कुशीवर झोपणं, वजन, जबड्याचं उपकरण की नाकाची पट्टी?

घोरण्यावर इलाज विचारायला येणाऱ्या बहुतेकांनी काही ना काही आधीच करून पाहिलेलं असतं, आणि ते बहुधा नाकावर चिकटवायची पट्टी असते. औषधाच्या दुकानात मिळते, ऑनलाइन मागवली तर घरपोच येते, कुणाला विचारावं लागत नाही. आठ-दहा रात्री लावून बघतात, फरक पडत नाही. मग "घोरण्यावर काही औषध नाही" असं म्हणून विषय संपतो आणि घरातलं दुसरं माणूस उशी उचलून हॉलमध्ये झोपायला जातं. पट्टीत खोट नव्हती. ती जिथे काम करते, तिथे या माणसाचा श्वास अडतच नव्हता.

कान-नाक-घशाची डॉक्टर म्हणून मला वाटतं की घोरण्याबद्दल एकच गोष्ट नीट कळली तरी बरेच पैसे आणि बऱ्याच रात्री वाचतात: आधी श्वास कुठे अरुंद होतो ते शोधायचं आणि मग त्या जागेवर काम करणारा उपाय निवडायचा. कुशीवर झोपणं, वजन उतरवणं, तोंडात घालायचं उपकरण आणि नाक रुंद करणारी साधनं हे चारही उपाय खरे आहेत. फक्त ते एकाच दुखण्यावरचे चार पर्याय नव्हेत.

आवाज येतो कुठून

नाकाला हाडाचा आणि कूर्चेचा सांगाडा आहे. श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्या आहेत. या दोन्हींच्या मधला घसा, म्हणजे साधारण बारा-तेरा सेंटिमीटरचा भाग, मात्र नुसत्या स्नायूंचा आहे. तो मऊच असावा लागतो, कारण गिळताना तो आकुंचन पावतो आणि बोलताना आकार बदलतो. जागेपणी स्नायू तो ताणून उघडा ठेवतात. झोप लागली की स्नायू सैलावतात, मऊ टाळू आणि पडजीभ लोंबतात, जिभेचा मागचा भाग घशाकडे सरकतो. वाट अरुंद झाली की तेवढीच हवा जास्त वेगाने जाते, वेग वाढला की आतला दाब कमी होतो आणि सैल भिंती आत ओढल्या जातात. त्या आत येतात, सुटतात, पुन्हा आत येतात. ही फडफड म्हणजेच घोरणं.

नाक चोंदलेलं असेल तर तीच हवा आत घ्यायला छातीला जास्त जोर लावावा लागतो, त्यामुळे घशातली ओढ वाढते. म्हणजे नाक स्वतः क्वचितच मोठ्याने घोरतं, पण ते घशाला घोरायला लावू शकतं. शिवाय नाक बंद असलं की तोंड उघडतं, खालचा जबडा मागे पडतो आणि त्याच्यासोबत जीभही मागे जाते.

ही ओढ इतकी वाढली की भिंती एकमेकींना चिकटतात आणि हवा दहा सेकंद किंवा त्याहून जास्त थांबते, तेव्हा त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. रक्तातला ऑक्सिजन घसरतो, मेंदू दचकून जागा होतो, माणूस मोठा घुरका मारून श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. रात्रीत हे शेकडो वेळा होऊ शकतं आणि सकाळी त्याला त्यातलं काहीही आठवत नाही. आपल्याकडे "घोरतोय म्हणजे गाढ झोप लागलीय" असं म्हणायची पद्धत आहे. यात नेमकं उलटं घडत असतं.

म्हणून उपाय निवडण्याआधी एक चाळणी लावायची. मोठ्याने घोरता का? दिवसा थकवा किंवा झोप येते का? झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिला आहे का? रक्तदाब आहे का? बीएमआय ३५ च्या वर आहे का? वय ५० च्या पुढे आहे का? मानेचा घेर ४० सेंटिमीटरपेक्षा जास्त आहे का? पुरुष आहात का? आठपैकी तीन किंवा जास्त उत्तरं "हो" आली, तर आधी स्लीप स्टडी करायची. आता ती बऱ्याचदा घरीच करता येते: बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा, नाकाशी बारीक नळी, छातीला पट्टा लावून आपल्याच अंथरुणात झोपायचं. एक भर मी माझ्याकडून घालते. बीएमआयचा ३५ हा आकडा आपल्या लोकांना फार सैल आहे. आपल्याकडे पोटाची चरबी जास्त असते, त्यामुळे २७-२८ च्या बीएमआयलाही ॲप्निया सापडतो. झोपेत श्वास थांबलेला घरच्यांनी पाहिला असेल, तर बाकीची उत्तरं काहीही असोत, तपासणी टाळू नये.

तपासणीत तासाला किती वेळा श्वास अडतो तो आकडा येतो. पाचच्या आत असेल तर ॲप्निया नाही, फक्त घोरणं आहे. पाच ते पंधरा म्हणजे सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, त्यापुढे तीव्र. मध्यम आणि तीव्र ॲप्नियाला पहिला उपाय सीपॅप, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन. खालचे चार उपाय प्रामुख्याने नुसत्या घोरण्यासाठी आणि सौम्य ॲप्नियासाठी आहेत, हे आधीच सांगून ठेवते.

कुशीवर झोपणं

उताणं झोपलं की जीभ आणि टाळू स्वतःच्या वजनानेच मागे पडतात. कुशीवर वळलं की ते वजन घशावर न येता गालाकडे जातं. ॲप्निया असलेल्यांपैकी साधारण निम्म्या लोकांमध्ये उताणं असताना श्वास अडण्याचं प्रमाण कुशीवरच्या किमान दुप्पट असतं. नुसतं घोरणाऱ्यांमध्येही हा फरक वारंवार दिसतो. बिनखर्चाचा आणि त्याच रात्री परिणाम दाखवणारा उपाय हा एवढाच, म्हणून सुरुवात इथूनच करावी.

आपण या गटात आहोत का, हे घरी कळतं. फोनवर घोरणं मोजणारं ॲप किंवा नुसता रेकॉर्डर लावायचा, फोन रोज त्याच जागी, डोक्यापासून हातभर अंतरावर ठेवायचा. काही रात्री नेहमीसारखं झोपायचं, काही रात्री कुशीवर. जोडीदार जागा असेल तर त्याला एवढंच विचारायचं की घोरणं सुरू असताना मी कोणत्या अंगावर होतो. कुशीवर आवाज थांबतो किंवा निम्म्यावर येतो, तर उपाय सापडला. दोन्हीकडे सारखाच असेल तर कुशीच्या मागे लागून उपयोग नाही. वजन खूप जास्त असलेल्यांत आणि तीव्र ॲप्नियात असं बऱ्याचदा होतं.

अडचण असते ती रात्रभर कुशीवर टिकण्याची. जुना उपाय म्हणजे बनियनच्या किंवा टी-शर्टच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या पात्यांमध्ये, खिसा शिवून त्यात टेनिस बॉल घालायचा. उताणं झालं की तो टोचतो आणि झोपेतच माणूस वळतो. तो चालतो, यात शंका नाही. पण अडीच वर्षांनी चौकशी केलेल्या एका अभ्यासात तो वापरत राहिलेले दहा टक्केही नव्हते. टोचतं, पाठ दुखते, झोप मोडते. पाठीमागे घट्ट लोड ठेवणं त्यापेक्षा सुसह्य, पण आडदांड माणूस तोही ढकलून देतो. मानेला किंवा छातीला लावायची आणि उताणं झालं की हलकेच थरथरणारी छोटी यंत्रं मिळतात. त्यांना लोक जास्त काळ चिकटून राहतात, फक्त ती महाग आहेत.

कुशीवर झोपणं सुटतं ते बहुतेक वेळा खांदा दुखतो म्हणून, आणि खांदा दुखतो तो उशी चुकीची असते म्हणून. कुशीवर असताना कान आणि खांद्याचं टोक यांच्यामध्ये जेवढी जागा राहते तेवढ्या जाडीची उशी हवी. उताण्याला पुरणारी पातळ उशी इथे चालत नाही, डोकं खाली कलतं आणि सगळा भार खांद्यावर येतो. गुडघ्यांच्या मध्ये दुसरी उशी घेतली की कंबरही सांभाळली जाते. मात्र उताणं झोपून डोक्याखाली दोन-तीन उशा रचणं हा उपाय नव्हे. त्याने हनुवटी छातीकडे वाकते आणि घसा आणखी दुमडतो. उंच व्हायचंच असेल तर पलंगाचं डोक्याकडचं टोकच उचलावं, म्हणजे पाठीपासून सगळं अंग उतरतं राहतं. त्याने थोडा फरक पडतो, मोठा नाही.

नाकाची साधनं

नाकपुडीच्या आत दीड-दोन सेंटिमीटरवर नाकाची सर्वांत अरुंद जागा असते. काहींची तिथली कूर्चा मऊ असते, जोरात श्वास घेतला की नाकपुडी आत ओढली जाते. पट्टी बाहेरून ही जागा ओढून उघडते. पट्टीत प्लास्टिकची कमान असते, ती सरळ व्हायला बघते आणि नाकाच्या दोन्ही बाजू वर उचलते. दुसरा प्रकार नाकपुडीच्या आत बसवायच्या सिलिकॉनच्या छोट्या चकत्यांचा. त्या आतून बाहेर ढकलतात, जास्त उघडतात, पण काहींना त्या टोचतात आणि सकाळी उशीवर सापडतात.

पट्टी आपल्याला चालेल का, हे दुकानात जायच्या आधी आरशासमोर कळतं. तोंड बंद ठेवून नाकाने श्वास घ्या. मग नाकाच्या दोन्ही बाजूंना गालावर बोटं ठेवून गाल कानाकडे हलकेच ओढा आणि पुन्हा श्वास घ्या. एकदम मोकळं वाटलं तर अडथळा त्या अरुंद जागेत आहे आणि पट्टीला अर्थ आहे. काहीच फरक वाटला नाही आणि तरी नाक चोंदलेलं असेल, तर अडथळा आणखी आत आहे: ॲलर्जीची सूज, वाकडा पडदा किंवा मांसल गाठी. तिथवर पट्टी पोचत नाही. आणि नाक मुळातच मोकळं असेल, तर पट्टीकडून काहीही मागू नये.

पट्टीने स्लीप ॲप्निया बरा होत नाही, हे अभ्यासांमध्ये स्पष्ट दिसलं आहे. नाक मोकळं वाटतं, झोप बरी लागल्यासारखं वाटतं, श्वास अडण्याचा आकडा तिथेच राहतो. याच कारणाने मला पट्टीबद्दल थोडी काळजी वाटते, कारण बरं वाटलं की माणूस तपासणी पुढे ढकलतो.

ॲलर्जीच्या नाकाला खरा उपाय वेगळा आहे. मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुणं (पाणी उकळून गार केलेलंच), आणि डॉक्टरांनी दिला असेल तर स्टेरॉइडचा नाकातला फवारा काही आठवडे नियमित. फवारा मारताना नळीचं तोंड मधल्या पडद्याकडे नाही, बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या डोळ्याच्या कोपऱ्याकडे ठेवायचं, नाहीतर नाकातून रक्त येतं. झोपायच्या खोलीत डासांची कॉइल किंवा अगरबत्ती पेटत असेल तर ती आधी बंद करा. सर्दीचे थेंब, जे पाच मिनिटांत नाक उघडतात, ते मात्र पाच-सात दिवसांच्या पुढे नकोत. त्यानंतर थेंबाशिवाय नाक उघडतच नाही, आणि वर्षानुवर्षं खिशात थेंबांची बाटली बाळगणारी माणसं मी खूप पाहिली आहेत. ती सोडवणं घोरणं सोडवण्याहून कठीण जातं.

जबडा पुढे आणणारं उपकरण

हा उपाय आपल्याकडे सर्वांत कमी माहीत आहे आणि माझ्या मते सर्वांत जास्त डावलला जातो. वरच्या आणि खालच्या दातांवर बसणारे दोन पारदर्शक साचे असतात, ते एकमेकांना जोडलेले असतात आणि झोपेत खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे धरून ठेवतात. जीभ खालच्या जबड्याला आतून बांधलेली आहे, म्हणून जबडा पुढे आला की जीभही पुढे येते आणि तिच्या मागची वाट उघडते. टाळूही बाजूने ताणला जातो. ॲप्निया नसलेल्या पण घोरण्याने हैराण झालेल्या माणसांसाठी अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये याची स्पष्ट शिफारस आहे, आणि ज्यांना सीपॅप सहन होत नाही अशा ॲप्नियावाल्यांसाठीही.

अंदाज घ्यायचा तर तोंडाने मुद्दाम घोरून बघा. आता खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतील इतका जबडा पुढे काढा आणि पुन्हा तसाच घोरायचा प्रयत्न करा. आवाज काढताच आला नाही किंवा खूप कमी झाला, तर हे उपकरण लागू पडण्याची शक्यता चांगली. जागेपणीची ही चाचणी ढोबळ आहे. ती निर्णय देत नाही, दिशा दाखवते.

उपकरण बनवून घ्यायचं ते या कामाची सवय असलेल्या दंतवैद्याकडून. तो आधी दात, हिरड्या आणि जबड्याचा सांधा तपासतो. मग दातांचा ठसा किंवा स्कॅन घेतो आणि मापपट्टीवर जबडा पूर्ण मागे ते पूर्ण पुढे किती सरकतो ते मोजतो. समजा ते १२ मिलिमीटर आलं, तर सुरुवात साधारण निम्म्यापासून, म्हणजे ६ मिलिमीटरपासून. त्यानंतर दर आठवड्याला स्क्रू फिरवून अर्धा-एक मिलिमीटर पुढे. घोरणं थांबलं की तिथेच थांबायचं. सांधा दुखायला लागला तर एक पाऊल मागे. पहिल्या रात्रीच जास्तीत जास्त पुढे ओढून "लवकर गुण येईल" असं कुणी म्हणत असेल तर ऐकू नये, त्याने सांधा दुखावतो आणि माणूस उपकरण कपाटात टाकतो.

पहिले काही आठवडे लाळ सुटते, सकाळी दात नीट जुळत नाहीत. उठल्यावर उपकरण काढून थोडा वेळ दातांवर दात हलके दाबत राहायचं, म्हणजे चावा जागेवर येतो. न्याहारीपर्यंत तो जुळला पाहिजे. दुपारपर्यंतही जुळत नसेल तर दाखवायला जायचं. वर्षानुवर्षं वापरल्यावर वरचे पुढचे दात किंचित आत आणि खालचे किंचित बाहेर झुकतात. हा बदल खरा आहे, बऱ्याच जणांना तो जाणवतही नाही, पण घेण्याआधी माहीत हवा.

ऑनलाइन मिळणारी, गरम पाण्यात मऊ करून चावायची उपकरणं स्वस्त असतात. ती सैल बसतात, झोपेत निसटतात आणि मिलिमीटरने पुढे नेता येत नाहीत. त्यांनी गुण आला नाही म्हणून मापाचं उपकरणही चालणार नाही, असं समजू नये.

हे सगळ्यांना बसत नाही. वर आणि खाली आठ-दहा तरी घट्ट दात लागतात. कवळी असेल तर धरायला काही नसतं. हिरड्या खराब असून दात हलत असतील तर उपकरण त्यांना आणखी हलवतं, आणि वर्षानुवर्षं मिश्री किंवा तंबाखू लावणाऱ्यांच्या हिरड्यांचं काय झालेलं असतं ते कुठल्याही दंतवैद्याला विचारा. गुटखा आणि सुपारीमुळे तोंड उघडणं कमी झालेल्यांच्या तोंडात तर ठसा घ्यायचा साचाही जात नाही. अशा माणसांसाठी घोरणं नंतरचं, आधी त्या तोंडाची तपासणी.

वजन

वजनाने गळ्याभोवती चरबी येते हे दिसतं, पण जिभेतही चरबी साठते हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. २०२० मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी वजन उतरवलेल्यांचे एमआरआय तपासले, तेव्हा श्वास अडणं कमी होण्यामागे सर्वांत मोठा वाटा जिभेतली चरबी घटण्याचा निघाला. दुसरीकडे पोटाची चरबी झोपेत छातीचा पडदा वर ढकलते, फुप्फुसं कमी भरतात, आणि एरवी श्वासनलिकेला खालून ओढून घसा ताणून ठेवणारी ओढ सैल पडते.

किती उतरवलं तर किती फायदा? अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये वर्षानुवर्षं पाहणी केलेल्या लोकांत १० टक्के वजन घटलं तेव्हा श्वास अडण्याचा आकडा सरासरी २६ टक्के उतरला, आणि १० टक्के वाढलं तेव्हा ३२ टक्के चढला. ८० किलोच्या माणसाला हे म्हणजे आठ किलो. चार उपायांत मूळ कारणावर घाव घालणारा, सोबत रक्तदाब आणि साखरही सुधारणारा हा एकटाच, आणि सर्वांत सावकाश चालणाराही हाच. म्हणून वजन उतरेपर्यंत दुसरा उपाय सोबत हवाच. "आधी दहा किलो कमी करा, मग या" असं सांगून पेशंटला परत पाठवणं मला पटत नाही. घोरण्यामुळे झोप मोडते, झोप मोडली की भूक वाढते आणि व्यायामाला अंगात त्राण राहत नाही.

लठ्ठपणासोबत मध्यम ते तीव्र ॲप्निया असलेल्यांसाठी टिर्झेपटाइड या इंजेक्शनला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली. २०२५ पासून हे औषध भारतातही मिळतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं, आणि बंद केल्यावर वजन परतलं तर घोरणंही परततं.

सडपातळ माणसाला मात्र या उपायातून काही मिळत नाही. लहान हनुवटी आणि अरुंद जबडा असलेली माणसंही जोरात घोरतात. रात्रीची दारू आणि झोपेच्या गोळ्या दोन्ही घशाचे स्नायू आणखी सैल करतात, त्यामुळे वजन काहीही असो, झोपायच्या आधीचे तीन-चार तास दारू नको, आणि गोळ्या असतील तर त्यांच्याविषयी डॉक्टरांशी बोला.

एक उदाहरण

समजा, कोल्हापुरातले एक गृहस्थ. वय ४७, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८२ किलो, म्हणजे बीएमआय २९. मान ३९ सेंटिमीटर, रक्तदाब नाही. घोरणं मोठं, दुपारी ऑफिसात डोळे मिटतात. घोरणं, थकवा, पुरुष: चाळणीत तीन "हो" झाले, म्हणून घरीच स्लीप स्टडी केली. सहा तासांच्या झोपेत तीन तास ते उताणे होते आणि तेवढ्यात ४५ वेळा श्वास अडला, तासाला १५. उरलेले तीन तास कुशीवर, १२ वेळा, तासाला ४. एकूण ५७ भागिले ६, साधारण साडेनऊ. अहवालाच्या पहिल्या पानावर एवढंच दिसतं, "सौम्य ॲप्निया". खरी माहिती आतल्या ओळीत आहे: कुशीवर हा माणूस जवळजवळ निरोगी आहे.

गाल ओढून पाहिले, नाकाला काही फरक नाही, त्यामुळे पट्टी बाद. जबडा पुढे काढून घोरता येईना, म्हणजे अडथळा जिभेमागे. पहिल्याच दिवसापासून कुशी आणि मागे लोड. दहा रात्रींचं रेकॉर्डिंग ऐकलं तर पहाटे तीननंतर आवाज परत येत होता. खांदा अवघडला की ते उताणे होत होते. उशी जाड घेतली, गुडघ्यांत दुसरी दिली. मग झोपेचे साधारण ८० टक्के कुशीवर जाऊ लागले. हिशेब केला तर ८० टक्के वेळ ४ आणि २० टक्के वेळ १५, सरासरी सहाच्या आसपास. सोबत आठ किलोंचं उद्दिष्ट ठेवलं तर ती पाचच्या खाली यायला वाव आहे. उपकरण राखीव ठेवलं: तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करायची आणि आकडा पाचच्या वर असला किंवा बायकोची झोप अजून मोडत असली, तर दंतवैद्याकडे जायचं. तोवर दुपारी झोप येत असेल तर लांबची गाडी चालवायची नाही, हे मात्र पहिल्याच दिवशी बजावून सांगितलं.

आता त्यांचीच बहीण घ्या. वय ५६, वजन ५२ किलो, हनुवटी लहान. पाळी बंद झाल्यापासून घोरणं सुरू झालं. या वयानंतर बायकांमध्ये ते वाढतंच, पण बाई लाजेने सांगत नाही आणि सडपातळ असेल तर कुणाला संशयही येत नाही. तिचा आकडा उताणं ९ आणि कुशीवर ८. भावाला लागू पडलेले दोन्ही उपाय तिला निरुपयोगी आहेत. तिने पहिल्याच आठवड्यात दंतवैद्य गाठायला हवा. दात घट्ट असतील तर उपकरण निम्म्यापासून सुरू करून हळूहळू पुढे न्यायचं आणि घोरणं थांबलं की उपकरण तोंडात ठेवूनच स्लीप स्टडी पुन्हा करायची. ही दुसरी तपासणी बरेच जण गाळतात, कारण घरात शांतता झालेली असते. पण आवाज बंद होऊनही श्वास अडत राहू शकतो, आणि तसं निघालं तर स्क्रू आणखी एक-दोन मिलिमीटर पुढे न्यावा लागतो किंवा सीपॅपकडे वळावं लागतं. त्यानंतर पहिल्या वर्षी दर सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा दंतवैद्याकडून चावा मोजून घ्यायचा.